गावात दिव्यांग किती? जनगणनेचा आकडा, नोंदवही आणि 5 टक्के निधीचा हिशोब

सीनाकाठ
सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. येत्या ग्रामसभेत दिव्यांग निधीचा विषय आहे म्हणून मदत हवी. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल करून देतो. गावची लोकसंख्या 4,200, ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न वर्षाला 12 लाख, त्याचे 5 टक्के दिव्यांगांसाठी राखायचे, म्हणजे 60,000. दिव्यांग नोंदवहीत 38 नावं. सगळे पैसे वैयक्तिक लाभाला वाटले तर माणशी साधारण 1,580 रुपये येतात.

मी म्हणालो नोंदवही अपुरी आहे, घरोघर सर्व्हे करू. त्यावर नोंदवहीतलेच काही जण म्हणाले, "नावं वाढली की आमचा वाटा कमी होणार." ग्रामसेवक म्हणाले, जनगणनेत जिल्ह्याचं प्रमाण दोन-अडीच टक्के आहे, म्हणजे गावात शंभर-एक धरा, त्यातले चाळीस टक्क्यांच्या वर अपंगत्व असलेले किती निघणार? 38 बरोबरच असतील.

प्रश्न दोन. जनगणनेचा आकडा कितपत धरायचा? आणि नावं वाढवून खरंच काही मिळतं का, की नुसती भांडणं?

जोडभावीपेठ
जनगणनेचा आकडा साफ खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते 16 टक्के. भारतात 2011 ला 2.21 टक्के. आपली माणसं काय जगापेक्षा सातपट धडधाकट आहेत काय? पैसे द्यावे लागू नयेत म्हणून मुद्दाम आकडा दाबलाय. तुमच्या गावात 4,200 च्या 16 टक्के, म्हणजे पावणेसातशे दिव्यांग आहेत. तेवढेच आकडे ठणकावून सांगा ग्रामसभेत.

आकडेमोड
पावणेसातशे सांगू नका, तिथेच हरवतील. पहिला कुणीतरी उठून विचारेल "दाखवा बरं कुठायत", आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

16 आणि 2.21 हे एकाच गोष्टीचे दोन आकडे नाहीत. 16 टक्क्यांत मध्यम त्रास असलेली माणसंही येतात. वयामुळे गुडघे गेलेली आजी त्यात आहे. 2.21 मध्ये ती बहुधा नाही, कारण तिला कुणी तसं विचारलेलंच नाही. रेघ कुठे मारायची यावर आकडा ठरतो, आणि प्रत्येक कामाला रेघ वेगळी लागते. पेन्शनची रेघ वेगळी, शाळेच्या रॅम्पची वेगळी.

आकडा मुद्दाम दाबला असं म्हणण्यापेक्षा तो कसा तयार झाला ते बघा. 2011 च्या कुटुंब पत्रकात 29 प्रश्न होते. नववा प्रश्न असा की ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिक दृष्ट्या अपंग आहे का? हो असेल तर आठातला एक कोड टाका: दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, मतिमंदत्व, मानसिक आजार, इतर, बहुविकलांग. (शब्द तेव्हाच्या पत्रकातले.) म्हणजे आधी "अपंग" हा शिक्का मान्य करायचा, मग पुढचं. सारा घोळ या एका हो-नाहीत आहे.

त्याचा पुरावा जनगणनेतच आहे. 2001 मध्ये देशात दृष्टीचं अपंगत्व असलेले 1 कोटी 6 लाख होते, 2011 मध्ये 50 लाख. श्रवणाचे 2001 मध्ये साडेबारा लाख, 2011 मध्ये पुन्हा 50 लाख. दहा वर्षांत निम्म्या लोकांना दिसायला लागलं आणि चौपट लोक बहिरे झाले, असं थोडंच असतं? लोक तेच होते. व्याख्या बदलली, प्रश्नाची मांडणी बदलली, प्रगणकाला दिलेल्या सूचना बदलल्या. श्रवणयंत्र लावून ऐकू येणाऱ्याला 2001 मध्ये अपंग धरत नव्हते, 2011 मध्ये धरलं. एवढ्यानं आकडा इतका हलत असेल, तर त्यावर गावचं नियोजन बेतणं धोक्याचं आहे.

जोडभावीपेठ
मग एकूण टक्केवारी 2.13 वरून 2.21 एवढीच कशी बदलली? आतले आकडे निम्मे-चौपट आणि बेरीज जिथल्या तिथं?

आकडेमोड
प्रश्न चांगला आहे. एकीकडे वजा झालं, दुसरीकडे भर पडली. 2011 मध्ये "इतर" नावाचा नवा कोड आला आणि त्यात एकट्यात 49 लाख माणसं गेली. एवढा मोठा "इतर" निघाला की समजायचं, प्रगणकाला किंवा घरच्यांना नेमका कोड सुचला नाही. बेरीज स्थिर दिसते म्हणून आतलं ठीक आहे असं धरू नका.

माजी प्रगणक
2011 ला प्रगणक होतो, तेवढ्यापुरतं सांगतो. एका गटात साधारण साडेसहाशे ते आठशे माणसं असतात. उत्तर देतो तो घरात त्या वेळी सापडलेला मोठा माणूस. प्रत्येकाला वेगळं बोलावून विचारायचं कुणाला सुचतही नाही, वेळही नसतो. नाव, नातं, वय, लग्न असं पटापट चाललेलं असताना नववा प्रश्न येतो आणि प्रगणक अख्ख्या घराला मिळून एकदाच विचारतो, "घरात कुणी अपंग वगैरे नाही ना?" त्या "नाही ना"मध्येच उत्तर आलं. घरातलेही म्हणतात, "नाही, देवाच्या दयेनं सगळे चांगले आहेत."

घरात लग्नाची मुलगी असेल तर भावाचा मानसिक आजार बाहेर निघणं अवघडच. देशात 2011 ला मानसिक आजाराचे फक्त सव्वासात लाख लोक नोंदले गेले. लोकसंख्येच्या मानानं 0.06 टक्के.

आकडेमोड
त्याला जोडून. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नुसत्या स्किझोफ्रेनिया आणि तशा तीव्र आजारांचं चालू प्रमाण प्रौढांत 0.4 टक्के निघालं. तिथे प्रशिक्षित माणसानं त्या व्यक्तीलाच समोर बसवून विचारलं होतं. नैराश्य, व्यसन वगैरे यात धरलेलंच नाही.

अजून एक खूण. 2011 मध्ये पुरुषांत 2.41 टक्के आणि स्त्रियांत 2.01 टक्के. जगभरच्या सर्व्हेंत उलट असतं, स्त्रियांत जास्त निघतं, कारण त्या जास्त जगतात आणि म्हातारपणी त्रास वाढतो. आपल्याकडे बायका कमी निघतात तेव्हा एक शक्यता अशी की त्यांच्या वतीनं दुसऱ्यानंच उत्तर दिलंय. विडी वळणाऱ्या बाईची मान आणि बोटं पन्नाशीत आखडलेली असतात. घरचे म्हणतात, "काम करते की ती." करते, पण वेणी घालायला सून लागते.

अण्णा टॉवेलवाले
नमस्कार मंडळी. विषय दिव्यांग दाखल्याचाच चाललाय तर विचारतो. आमच्या सासऱ्यांचं वय 66, पस्तीस वर्षं यंत्रमागावर काम केलं. आता ऐकायला लई कमी येतंय बगा, टीव्हीचा आवाज अख्ख्या चाळीला ऐकू जातो. त्यांना दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड मिळेल का? आणि एसटीचा पास त्यावर चालतो का?

सीनाकाठ
अण्णा, धागा मोजणीचा आहे, दाखल्याचा नाही. पण असू द्या, कुणीतरी सांगेल.

आकडेमोड
अण्णांचा प्रश्न धाग्याबाहेरचा नाही, उलट नेमका आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. तिथे वर्षानुवर्षं काम केलं की कान हळूहळू जातात, आधी बारीक आणि उंच आवाज जातात. माणूस म्हणतो "ऐकू येतं, पण समजत नाही." घरचे म्हणतात वय झालं. जनगणनेच्या माणसानं "बहिरे आहेत का" विचारलं तर उत्तर नाही, कारण मोठ्यानं बोललं की त्यांना ऐकू येतं.

आता दाखल्याचं. 2016 च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या आवाजपट्टीत 60 ते 70 डेसिबल घट असेल तर "ऐकायला कमी", 70 किंवा जास्त असेल तर "बहिरे". सासऱ्यांची घट 50 निघाली तर कायद्यानं ते कशातच बसत नाहीत, पण रोजच्या जगण्यात त्रास खूप आहे. swavlambancard.gov.in वर अर्ज करा, रुग्णालय निवडा, तारीख मिळाली की ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी होते. 40 टक्क्यांखाली पांढरं कार्ड, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि त्याच्या वर निळं. बहुतेक सवलती 40 पासून पुढे सुरू होतात, एसटीचंही तसंच, पण पासची अट डेपोत विचारून घ्या.

आणखी एक. कामाच्या आवाजानं आलेलं बहिरेपण कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. तरी सोलापुरात यंत्रमागावरच्या किती माणसांचे कान गेलेत हे ना जनगणनेतून कळतं ना दाखल्यांवरून. एका यादीत "वय झालं" म्हणून नाव नाही, दुसरीत 60 डेसिबलच्या खाली म्हणून नाही.

अण्णा टॉवेलवाले
म्हणजे 50 असलं तर काहीच नाही? मग तपासणी करून काय फायदा?

आकडेमोड
श्रवणयंत्र बसवायचं ठरवता येतं की. दाखला नाही मिळाला तरी तपासणी वाया जात नाही.

कार्यालयीन
ग्रामपंचायत प्रशासनात काम करतो. सीनाकाठ यांच्या ग्रामसेवकांची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो. 5 टक्के निधी खर्च करताना ऑडिटला दाखला लागतो. सर्व्हेत कुणी "खूप त्रास होतो" म्हणालं म्हणून पैसे दिले तर वसुली ग्रामसेवकावर निघते. त्यामुळे नोंदवही म्हणजे दाखला असलेल्यांची यादी, गावातल्या दिव्यांगांची नव्हे. यात ग्रामसेवकाचा दोष नाही.

दुसरं, सीनाकाठ, तुमचं गणित बरोबर आहे. हा निधी स्वउत्पन्नाच्या टक्क्यांत आहे, माणसांच्या संख्येवर नाही. पूर्वी तो 3 टक्के होता, आता 5. नावं 38 वरून 90 झाली तरी निधी 60,000 च राहणार, माणशी 667 येणार. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली वाढली तरच निधी वाढतो.

सीनाकाठ
मग माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नुसती भांडणं" असंच झालं की.

आकडेमोड
या एका निधीपुरतं, होय. या निधीची रचनाच अशी आहे की ज्याचं नाव आधी लागलंय त्याला नवी मोजणी नकोच असते. पण सगळे पैसे असे नसतात. प्रत्येक पैशाला विचारायचं, तू टक्क्यानं येतोस, माणशी येतोस, की कोट्यानं?

टक्क्यानं येणारा तुमचा 5 टक्के. कोट्यानं येणारी केंद्राची दिव्यांग पेन्शन: 80 टक्के किंवा जास्त अपंगत्व, दारिद्र्यरेषेखाली, महिना 300 रुपये, आणि राज्यनिहाय लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरलेली. तिथे गावातली नावं वाढवून एकूण रक्कम वाढत नाही, रांग वाढते. संजय गांधी निराधार योजना मात्र माणशी आहे. दाखला आणि उत्पन्नाची अट बसली की अर्ज करता येतो. एक नवं नाव म्हणजे गावात दरमहा येणारी एक नवी रक्कम, आणि त्यानं जुन्याचा वाटा कमी होत नाही. ग्रामसभेत विरोध करणाऱ्यांना हाच फरक समजावून सांगा.

माणशी येणाऱ्या पैशाचं याहून चांगलं उदाहरण शाळेत आहे. शाळाबाईंना माहीत असेल.

शाळाबाई
विशेष शिक्षिका आहे, समग्र शिक्षाखाली. शाळेत यूडायस, म्हणजे शाळेची वार्षिक माहिती भरताना विशेष गरजा असलेल्या मुलांचा रकाना असतो. समग्र शिक्षात अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद धरता येते. त्यातून साहित्य, मोठ्या अक्षरांची किंवा ब्रेल पुस्तकं, प्रवास, मदतनीस असं भागवायचं. अशा मुलींना वेगळा भत्ता, महिना 200 याप्रमाणे दहा महिने.

शाळेत खरी पाच मुलं असतील आणि रकान्यात तीन लिहिली, तर 17,500 च्या जागी 10,500 चीच मागणी वर जाते. पुढे विशेष शिक्षकांची पदंही या संख्येवरच ठरतात. केंद्र सरकारचं प्रमाण प्राथमिकला दहा मुलांमागे एक, वरच्या वर्गांना पंधरामागे एक. शाळांच्या एका केंद्रात शंभर मुलं असून साठच दिसली तर पदंही साठचीच मंजूर होणार.

तीनच का लिहितात? वर्गशिक्षक दाखला असलेलंच मूल लिहितात. पण वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता तपासायची वेळच तिसरीत किंवा आठव्या वर्षी येते. पहिली-दुसरीतलं मूल दाखल्यात येऊच शकत नाही. त्याच्या प्रगतिपुस्तकावर "लक्ष देत नाही" एवढाच शेरा असतो. आणि कमी दिसणारं मूल पहिल्या बाकावर बसवलं की काम झालं असं सगळ्यांना वाटतं.

अंगणवाडीच्या वयाचं तर विचारूच नका. जनगणनेत 0 ते 4 वयात 1.14 टक्के आहेत आणि ऐंशीच्या पुढे 8.41. म्हातारपणी वाढणार हे ठीक, पण लहानांचा आकडा इतका कमी निघायचं कारण वेगळं आहे. दोन वर्षांचं मूल बोलत नसेल तर आजी सांगते, याचा बाप पण उशिरा बोलला होता.

जोडभावीपेठ
म्हणजे शेवटी माझंच खरं, आकडा कमी आहे. फरक एवढाच की मुद्दाम नाही, निष्काळजीपणानं.

आकडेमोड
"कमी आहे" इथपर्यंत खरं. "16 टक्के आहे" हे दाखवता येणार नाही. आणि निष्काळजीपणा म्हणण्यापेक्षा पद्धत म्हणा. जनगणना सोडा, राष्ट्रीय नमुना पाहणीचा 76 वा फेरा 2018 मध्ये खास याच विषयावर झाला, प्रशिक्षित लोक होते, तरी 2.2 टक्केच निघाले. कारण तिथेही घरांची यादी करतानाच कुणी अपंग आहे का हे विचारून घेतात. पहिल्याच दारात "नाही" आलं की ते घर तपशिलाच्या प्रश्नांपर्यंत पोहोचत नाही. त्यात सापडलेल्यांतही दाखला होता फक्त 28.8 टक्क्यांकडे. आधीच गाळून आलेल्यांत हे प्रमाण आहे.

आपल्या जिल्ह्यावर धरून बघा. 2011 ची लोकसंख्या 43 लाख 18 हजार. राज्याचं प्रमाण 2.64 टक्के. तेच जिल्ह्याला लावलं तर 1 लाख 14 हजार. त्यातल्या 28.8 टक्क्यांकडे दाखला धरला तर 33 हजारांच्या आसपास. हा माझा गुणाकार आहे, मोजलेला आकडा नव्हे. तरी "दाखले इतकेच, म्हणजे माणसं इतकीच" असं धरून नियोजन केलं की एका पायरीत दोन तृतीयांशांहून जास्त माणसं गायब होतात, हे त्यावरून कळेल.

सीनाकाठ
हे पटलं. मग गावात सर्व्हे करायचा तर काय विचारायचं? फॉर्म कुठे मिळेल?

आकडेमोड
फॉर्म वहीत आखून होतो. अपंगत्वाच्या मोजणीवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन ग्रुपचे सहा प्रश्न घ्या. जगभर वापरतात. मुख्य गोष्ट ही की त्यात अपंग, दिव्यांग, आजार हे शब्दच नाहीत. मी मराठीत असे मांडतो:

चष्मा लावत असाल तर तो लावूनही बघायला त्रास होतो का?
श्रवणयंत्र वापरत असाल तर ते लावूनही ऐकायला त्रास होतो का?
चालायला किंवा पायऱ्या चढायला त्रास होतो का?
लक्षात ठेवायला किंवा एखाद्या गोष्टीत लक्ष लावायला त्रास होतो का?
अंघोळ, कपडे अशी स्वतःची कामं करायला त्रास होतो का?
आपल्या रोजच्या भाषेत बोलताना दुसऱ्याचं समजायला किंवा आपलं समजावून सांगायला त्रास होतो का?

प्रत्येकाला चार उत्तरं: नाही, थोडा, खूप, जमतच नाही. चारही मोठ्यानं वाचून दाखवायची. सहापैकी एकातही "खूप" किंवा "जमतच नाही" आलं तर ते नाव मोजायचं. "थोडा" लिहून ठेवायचं, पण मोजायचं नाही.

शेवटच्या प्रश्नातली "रोजच्या भाषेत" ही अट आपल्याकडे फार महत्त्वाची. सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या घरात किंवा अक्कलकोटकडे कन्नड घरात मराठीतून विचारलं आणि आजी अडखळली, तर ती भाषेची अडचण झाली. त्या भाषेतलं माणूस सोबत हवं.

माजी प्रगणक
हे कागदावर ठीक, पण गावातली पोरं प्रश्न असे विचारणार नाहीत. "आजी, डोळे बरे हायत न्हवं?" असंच विचारणार.

आकडेमोड
विचारतीलच. म्हणून भरलेली वही आली की तीन गोष्टी बघायच्या.

ज्या मुलाच्या वहीत "थोडा" जवळजवळ एकही नाही, त्यानं हो-नाही विचारलंय. खऱ्या लोकांत "थोडा" हे उत्तर "खूप"पेक्षा बरंच जास्त येतं. दुसरं, साठीच्या पुढच्यांत प्रमाण तिशीतल्यांपेक्षा किती तरी पट हवं. दोन्हीकडे सारखंच असेल तर वही घरी बसून भरली. तिसरं, बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा खाली गेला तर उत्तरं कुणी दिली ते विचारा. त्यासाठी प्रत्येक ओळीत "स्वतः / दुसऱ्यानं" असा रकाना ठेवाच.

उलट बाजूनंही बिघडतं. "चष्मा लावूनही" हे शब्द गाळले की चाळिशीच्या पुढची अर्धी वस्ती "बघायला खूप त्रास" सांगते आणि आकडा फुगतो. मग ग्रामसेवक म्हणणार, बघा, म्हणून मी सर्व्हेला नको म्हणत होतो.

शाळाबाई
हे सहा प्रश्न लहान मुलांना लावू नका. पाच वर्षांखाली तर नाहीच. चार वर्षांचं मूल स्वतः अंघोळ करत नाही, त्यात नवल काय? मुलांसाठी युनिसेफ आणि त्याच गटानं वेगळा संच केलाय, 2 ते 17 वयाचा, त्यात "त्याच वयाच्या इतर मुलांच्या मानानं" असं विचारतात. तो जमत नसेल तर मुलांची यादी अंगणवाडी आणि शाळेतूनच घ्या, पण दाखल्याची अट न घालता.

आकडेमोड
बाईंचं बरोबर. अजून एक मर्यादा सांगतो: या सहा प्रश्नांत मानसिक आजार नीट सापडत नाही. स्किझोफ्रेनियाचा माणूस चालतो, बघतो, ऐकतो. कदाचित चौथ्या-सहाव्या प्रश्नात येईल, कदाचित येणारही नाही. त्या नावांसाठी आरोग्य उपकेंद्राशी गुपचूप बोलावं लागेल.

आता सीनाकाठ, तुमच्या गावचा कल्पित हिशोब मांडतो, आकडे फक्त पद्धत दिसावी म्हणून. पाच वर्षांवरचे 3,900 लोक विचारले. त्यात "खूप" किंवा "जमतच नाही" असे 210 निघाले. त्या 210 पैकी दाखला 52 जणांकडे. त्या 52 पैकी नोंदवहीत 38. ग्रामसभेत 210 हा एकच आकडा फेकू नका. पायऱ्या सांगा. 52 आणि 38 मधली 14 नावं ही नुसती नोंदवहीची चूक आहे, ती त्याच दिवशी लिहिता येतात, ऑडिटचीही अडचण नाही. 210 आणि 52 मधल्या 158 जणांपैकी किती 40 टक्क्यांत बसतील ते वैद्यकीय मंडळच ठरवेल. सगळे बसणार नाहीत, अण्णांच्या सासऱ्यांचं तसंच. पण त्यांना तपासणीला नेण्यासाठी गाडी किती लागेल, कान-नाक-घसा, हाडं, डोळे यांतल्या कुणाकडे किती जण, हे तुम्हाला त्या यादीतून कळेल. आणि जे कुठेच बसणार नाहीत त्यांच्यासाठीच सामूहिक खर्च असतो. ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांना रेलिंग लावायला कुणाचा दाखला लागत नाही, आणि चालायला त्रास असणारे किती हे तिसऱ्या प्रश्नात मोजलेलं असतं.

कार्यालयीन
सामूहिक खर्चाला माझा विरोध नाही. पण 60,000 मधून रेलिंग केलं की वैयक्तिक लाभावाले चिडणार. रॅम्प-रेलिंग इमारतीच्या खर्चात धरायला हवं, या निधीत नको, असं माझं मत.

आकडेमोड
मत चांगलं आहे, पण इमारतीच्या खर्चात कुणी धरत नाही हा अनुभव सगळ्यांचाच. यावर आपलं एकमत होणार नाही.

जोडभावीपेठ
एक शंका. ही 210 ची यादी ग्रामसभेत वाचून दाखवायची का? पारदर्शकता म्हणून?

शाळाबाई
अजिबात नाही! संख्या वाचा, नावं नाही. एका घरातला मानसिक आजार माइकवर वाचला की पुढच्या वेळी सगळं गाव "सगळे चांगले आहेत" म्हणेल. वहीवर नावाच्या जागी घर क्रमांक लिहा, नावांची यादी एकाकडेच ठेवा.

कार्यालयीन
पण लाभार्थी निवड ग्रामसभेत होते, तिथे नावं येणारच.

शाळाबाई
लाभ घेणाऱ्याचं नाव त्यानं अर्ज केल्यावर येतं. सर्व्हेत सापडलेल्याचं का यावं?

सीनाकाठ
या नावांच्या प्रश्नावर आमच्याकडेही वाद होणार. एक राहिलं. आता नवी जनगणना येतेय, मोबाइलवर. त्यात हे सगळं सुधारेल ना? आमच्याकडे घरयादीसाठी कुणी येईल तेव्हाच सांगावं का?

माजी प्रगणक
घरयादीत सांगून उपयोग नाही, तिथे घर, पाणी, संडास, गॅस असलं विचारतात. अपंगत्वाचा प्रश्न माणसांच्या गणनेत येतो, ती फेब्रुवारी 2027 मध्ये, संदर्भ दिनांक 1 मार्च 2027. मोबाइलमुळे कोड चुकणं कमी होईल, बेरीज लवकर येईल. पण दारात कोण उत्तर देतं आणि प्रगणक "नाही ना" म्हणतो का, हे मोबाइल बदलत नाही.

आकडेमोड
स्वतःची माहिती स्वतः भरायची सोयही आहे. ती घरातल्या एकानंच सगळ्यांची भरली तर पुन्हा तेच. एक करता येईल: फेब्रुवारीच्या आधी सर्व्हेत सापडलेल्यांच्या घरांत जाऊन एवढंच सांगा की गणनेवाला आला की या माणसाबद्दलचा प्रश्न वेगळा विचारायला लावा, त्यानं विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. दाखला मागितला तर सांगा, जनगणनेला दाखला लागत नाही.

सीनाकाठ
बरं. आधी दोन वस्त्यांवर करून बघतो, "थोडा"चा रकाना तपासून मग बाकी गाव. दाखला असून नोंदवहीत नसलेली नावं किती, ते ग्रामसेवकांना आजच विचारतो. नोंदवही आणि दाखले शेजारी ठेवून कुणी कधी बघितलेच नसतील.

अण्णा टॉवेलवाले
पोर्टलवर अर्ज भरला, तारीख आली. ऑडिओमेट्रीला जाताना आदल्या दिवशी कारखान्यात गेलं तर चालतं का? सासरे अजून अधूनमधून मागावर जातात.

आकडेमोड
नको, अण्णा. मोठ्या आवाजातून आल्यावर कान काही तास आणखी मंद होतात, मोजमाप चुकतं. किमान एक दिवस शेडपासून लांब ठेवा. आणि कानात मळ असेल तर आधी काढून घ्या, नाहीतर परत पाठवतील.